आकृती ४ ची चौकट कोरी का आहे, आणि ती तुम्हीच कशी भरायची

आमच्या प्रकाशविद्युत परिणाम संचासोबतच्या पुस्तिकेत एके ठिकाणी "आकृती ४ पाहा" असं लिहिलं आहे आणि खाली नुसती कोरी चौकट आहे. छपाईच्या वेळी चित्र गळलं. चूक आमचीच. सुरुवातीला ज्यांचा फोन येई त्यांना आम्ही ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होतो. मग लक्षात आलं की चित्र हातात आलं की मुलं स्वतःचे बिंदू ओढूनताणून त्या रेषेवर नेऊन बसवतात. म्हणून आता चित्र पाठवणं बंद केलं आहे. त्याऐवजी हे पत्रक.

चित्रात होतं काय? आडव्या अक्षावर प्रकाशाची वारंवारता, उभ्या अक्षावर प्रकाशामुळे बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांना थांबवायला लागणारं स्टॉपिंग पोटेन्शियल, म्हणजे पुस्तकी मराठीत निरोधी विभव, आणि एक तिरकी सरळ रेषा. ही रेषा आइन्स्टाइनच्या १९०५ च्या समीकरणातून येते:

V₀ = (h/e)·ν − φ/e

या समीकरणात रेषेचा चढ h/e आहे. h हा प्लँकचा स्थिरांक आणि e हा इलेक्ट्रॉनचा प्रभार. दोन्हींचा धातूशी काही संबंध नाही. त्यामुळे धातू कुठलाही घ्या, चढ तोच राहतो: वारंवारता १०० टेराहर्ट्झने वाढली की स्टॉपिंग पोटेन्शियल ०.४१४ व्होल्टने वाढतं. (१०० टेराहर्ट्झ म्हणजे १०¹⁴ हर्ट्झ. आम्ही टेराहर्ट्झ वापरतो, कारण घातांक लिहिताना वहीत सगळ्यात जास्त चुका होतात.) चित्र नसलं तरी चढ आधीच माहीत असतो. चित्रातून नवीन कळतं ते एवढंच, की रेषा किती उजवीकडे सरकलेली आहे. ते ठरतं φ वरून, म्हणजे वर्क फंक्शनवरून: धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा.

परीक्षेच्या झेरॉक्स प्रश्नसंचातही हेच होतं. "आकृतीत A आणि B या दोन धातूंचे आलेख दिले आहेत" असं छापलेलं असतं आणि आकृती मात्र नसते. दोन्ही रेषा समांतर असणार, हे न बघता सांगता येतं. आडव्या अक्षाला जी जास्त उजवीकडे छेदते तिच्या धातूचं वर्क फंक्शन जास्त, हेही सांगता येतं. पण त्यातली A कोणती हे कुणालाच सांगता येणार नाही. तिथे अंदाज न बांधता शिक्षकांकडून आकृती मागून घ्यावी.

आधी एक कोरी रेषा

आलेख कागदावर आडवा अक्ष ० ते १००० टेराहर्ट्झ आणि उभा अक्ष −३ ते +३ व्होल्ट असा घ्या. शून्याच्या खालची जागा सोडू नका. अनेक जण ती सोडतात आणि मग रेषा मागे वाढवायला कागदच उरत नाही. उदाहरणासाठी सिझियम घेऊ, त्याचं वर्क फंक्शन २.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. शून्य वारंवारतेला रेषा −२.१४ वर येते. १००० टेराहर्ट्झला ४.१४ मधून २.१४ वजा, म्हणजे बरोबर २.०० व्होल्ट. हे दोन बिंदू पट्टीने जोडा. आडवा अक्ष सुमारे ५१७ टेराहर्ट्झला छेदला जाईल. ती उंबरठा वारंवारता. तिच्या डावीकडचा भाग तुटक काढा, कारण तिथे इलेक्ट्रॉन बाहेर पडतच नाहीत आणि मोजायलाही काही नसतं.

आता तुमची वाचनं

संचातल्या मर्क्युरी दिव्याच्या पाच वर्णरेषांसाठी एक नमुना वाचन खाली दिलं आहे. वारंवारता काढायची सोपी युक्ती अशी: २,९९,७९२ ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, उत्तर थेट टेराहर्ट्झमध्ये येतं.

| तरंगलांबी (नॅनोमीटर) | वारंवारता (टेराहर्ट्झ) | स्टॉपिंग पोटेन्शियल (व्होल्ट) |
|---|---|---|
| ३६५ | ८२१ | १.७८ |
| ४०५ | ७४० | १.४५ |
| ४३६ | ६८८ | १.२४ |
| ५४६ | ५४९ | ०.६८ |
| ५७७ | ५२० | ०.५७ |

आलेख न काढताही चढ मिळतो. टोकाचे दोन बिंदू घ्या: विभवातला फरक १.७८ − ०.५७ = १.२१ व्होल्ट, वारंवारतेतला फरक ३०१ टेराहर्ट्झ. भागाकार केला की १०० टेराहर्ट्झला ०.४०२ व्होल्ट. म्हणजे h/e = ४.०२ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद. त्याला १.६०२ × १०⁻¹⁹ ने गुणलं की h = ६.४४ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद. मान्य किंमत ६.६२६ आहे, तेव्हा आपण सुमारे ३ टक्के कमी आलो. या संचासाठी हे चांगलं वाचन आहे.

टोकाचेच बिंदू का, ते एकदा करून बघा. ५४६ ची हिरवी आणि ५७७ ची पिवळी वर्णरेषा शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्यात फरक ०.११ व्होल्ट आणि २९ टेराहर्ट्झ, म्हणून चढ ०.३८ येतो. व्होल्टमीटरवर शेवटचा अंक एकाने जरी इकडेतिकडे झाला, तरी हा चढ ०.०३ ने हलतो. टोकाच्या जोडीत तीच चूक केली तर चढ जेमतेम ०.००३ ने हलतो. पाचही बिंदू रेषेजवळ आहेत ना, याची खात्री झाल्याशिवाय मात्र टोकाच्या जोडीवर विसंबू नका.

काही जण आडव्या अक्षावर तरंगलांबीच मांडतात. मग रेषा वाकते आणि "संच बिघडलाय" असा फोन येतो. वरच्या तक्त्यात ३६५ ते ४०५ मध्ये प्रत्येक नॅनोमीटरला विभव साधारण ०.००८ व्होल्टने उतरतं, तर ५४६ ते ५७७ मध्ये ०.००४ हून कमी. संच ठीक आहे, अक्ष चुकला आहे.

छेदबिंदूवर फार विश्वास ठेवू नका

वरच्या पाच बिंदूंची रेषा मागे वाढवली तर ती उभ्या अक्षाला −१.५२ व्होल्टजवळ आणि आडव्या अक्षाला ३७९ टेराहर्ट्झजवळ छेदते. पुस्तकातल्या सूत्रानुसार आपण लगेच लिहितो: कॅथोडचं वर्क फंक्शन १.५२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, उंबरठा तरंगलांबी ७९१ नॅनोमीटर. पण संचातली अँटिमनी-सिझियम फोटोट्यूब सुमारे ६५० ते ७०० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ प्रतिसादच देत नाही. मग ७९१ आलं कुठून?

याचं कारण संपर्क विभव. कॅथोड आणि अ‍ॅनोड वेगवेगळ्या पदार्थांचे आहेत. ते तारेने जोडले गेले की त्यांच्या पृष्ठभागांमध्ये आपोआप एक विभवांतर तयार होतं, आणि ते दोन्हींच्या वर्क फंक्शनमधल्या फरकाइतकं असतं. व्होल्टमीटरला ते दिसत नाही, इलेक्ट्रॉनला मात्र ते ओलांडावं लागतं. हिशेब मांडला की कॅथोडचं वर्क फंक्शन एकदा वजा होतं, एकदा अधिक होतं आणि कटतं. उरतं ते अ‍ॅनोडचं. म्हणजे तुमच्या आलेखातले १.५२ हे खरं तर अ‍ॅनोडचं वर्क फंक्शन आहे, आणि ते इतकं कमी आहे कारण ट्यूब बनवताना सिझियमचा पातळ थर अ‍ॅनोडवरही बसतो. चढावर याचा काही परिणाम होत नाही, कारण संपर्क विभव सगळ्या बिंदूंना सारखंच वरखाली करतं. म्हणून h काढायला हा संच चांगला, कॅथोडचं वर्क फंक्शन काढायला नाही. जर्नलमध्ये छेदबिंदूची किंमत लिहा, पण तिच्यापुढे "कॅथोडचं" हा शब्द लिहू नका.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनाही संपर्क विभव वेगळं मोजून हिशेबात धरावं लागलं होतं. आइन्स्टाइनच्या कल्पनेवर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता. तरी सोडियम, लिथियमसारख्या धातूंचा पृष्ठभाग निर्वात नळीतच चाकूने खरवडून ताजा करत त्यांनी वाचनं घेतली, आणि १९१६ मध्ये हीच सरळ रेषा मिळवली. त्यांचा h आजच्या किमतीपासून एका टक्क्याच्या आत होता.

बिंदू रेषेवर बसत नसेल तर

चढ आधी माहीत असण्याचा फायदा इथे होतो. ३६५ च्या वाचनावरून बाकीची वाचनं साधारण किती यायला हवीत ते आधीच काढता येतं. ८२१ वरून ५२० ला उतरताना १.२४ व्होल्ट कमी व्हायला हवेत, म्हणजे पिवळ्याला ०.५४ च्या आसपास. आपलं ०.५७ चालेल. ०.८५ आलं तर चालणार नाही: मग चढ ०.३१ होतो आणि h पाचाच्याही खाली जातो.

पिवळ्या किंवा हिरव्याचं वाचन असं फुगलेलं दिसलं तर पहिला संशय खोलीतल्या ट्यूबलाइटवर घ्या. ट्यूबलाइटमध्येही पारा असतो आणि तिच्यातून ४३६ ची निळी रेषा निघते. जास्त वारंवारतेचा थोडासा प्रकाश आत शिरला तरी स्टॉपिंग पोटेन्शियल त्याच्याच इलेक्ट्रॉनांना थांबवण्याइतकं वाढवावं लागतं. ३६५ च्या वाचनाला हा त्रास होत नाही, कारण दिव्याच्या प्रखर रेषांपैकी त्याच्यावरची कुठलीही फोटोट्यूबच्या काचेतून फारशी आत येत नाही. तपासणी सोपी आहे. दिव्याच्या तोंडावर पुठ्ठा धरा. नॅनोअँपिअर मीटर शून्यावर आला नाही तर प्रकाश बाहेरून शिरतो आहे.

उलट तक्रारही येते, वाचन हवं त्यापेक्षा कमी. दिवा २० सेंटिमीटरवरून ४० वर न्या. प्रवाह साधारण चौथाई होईल, पण स्टॉपिंग पोटेन्शियल ०.०२ व्होल्टच्या आत तेच राहिलं पाहिजे, कारण ते प्रकाशाच्या तीव्रतेवर ठरत नाही. दिवा लांब नेल्यावर ते घसरलं तर ट्यूबच्या बैठकीवरून प्रवाह गळतो आहे. ही गळती प्रकाशाबरोबर कमी होत नाही, म्हणून मंद प्रकाशात तिचा वाटा वाढतो. कोकणातल्या महाविद्यालयांतून ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते. बैठक आणि पिना स्पिरिटच्या कापसाने पुसा, तासभर कोरड्या जागी ठेवा आणि पुन्हा वाचन घ्या. काचेवर बोटांचे ठसे उमटू देऊ नका.

तरीही बिंदू जुळत नसतील तर पाचही वाचनं, दिव्याचं अंतर आणि ट्यूबच्या तळाशी लिहिलेला क्रमांक आम्हाला कळवा. आलेखाचा फोटो नको, आकडे पाठवा. कोऱ्या चौकटीत मात्र तुमची स्वतःची रेषा काढा, आणि खाली ट्यूबचा क्रमांक व तारीख घाला. पुढच्या वर्षी ट्यूब जुनी झाल्यावर तुलना करायला तीच उपयोगी पडेल.