सबस्क्रिप्शन ॲपचा ग्राहक कितव्या महिन्यात 'फिटतो'?

सबस्क्रिप्शन ॲपच्या हिशेबात तीन आकडे नेहमी एकत्र येतात. एक ग्राहक मिळवायला लागलेला खर्च म्हणजे कॅक, तो ग्राहक टिकेल तोवर मिळणारं उत्पन्न म्हणजे एलटीव्ही, आणि कॅक वसूल व्हायला लागणारे महिने म्हणजे पेबॅक. हे आकडे ॲपवाल्यांनी शोधलेले नाहीत. १९९०च्या दशकात पाश्चात्त्य मोबाइल कंपन्या हँडसेट स्वस्तात द्यायच्या आणि तो तोटा एक-दोन वर्षांच्या करारातून भरून काढायच्या. किती ग्राहक दर महिन्याला सोडून जातात, म्हणजे 'चर्न' किती, हे मोजण्याची सवय तिथेच पक्की झाली. २००२मध्ये शेअर बाजारात आलेली नेटफ्लिक्सही सुरुवातीच्या काळात ग्राहक मिळवण्याचा खर्च आणि चर्न दोन्ही जाहीर करत असे.

आज सर्रास सांगितला जाणारा नियम मात्र दुसरीकडून आला. एलटीव्ही कॅकच्या निदान तिप्पट हवा आणि पेबॅक १२ महिन्यांच्या आत, हे प्रमाण गुंतवणूकदार डेव्हिड स्कॉक यांच्या लेखनामुळे २०१०च्या आसपास रूढ झालं. ते कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांसाठी होतं. तिथे वार्षिक करार असतात आणि ग्राहक सहसा वर्षानुवर्षं टिकतात. ध्यानाच्या किंवा भाषा शिकवणाऱ्या ॲपचा ग्राहक तसा नसतो. तो फुकट चाचणी घेतो, दोन महिने पैसे भरतो आणि जातो. म्हणून मला ॲपसाठी पेबॅक हाच जास्त भरवशाचा आकडा वाटतो.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेलं उदाहरण घेऊ. महिन्याला १९९ रुपये वर्गणी. त्यातून १८ टक्के जीएसटी गेला की सुमारे १६९ उरतात. स्टोअरचं १५ टक्के कमिशन गेलं की १४३, आणि सर्व्हर व ग्राहकसेवेचा खर्च वजा केला की हातात १२० रुपये. जाहिरातीतून एक इन्स्टॉल २४ रुपयांना पडतं आणि २५ इन्स्टॉलमागे एक जण पैसे भरतो, म्हणजे कॅक ६०० रुपये.

६०० भागिले १२०, म्हणजे पाच महिने, असं पटकन म्हटलं जातं. पण पाचव्या महिन्यापर्यंत सगळे टिकत नाहीत. दर महिन्याला १० टक्के गळती धरली तर वसुली सातव्या महिन्यात होते. महिन्याला हातात येणाऱ्या रकमेला गळतीच्या दराने भागलं की एलटीव्ही मिळतो: १२० भागिले ०.१०, म्हणजे १२०० रुपये, कॅकच्या दुप्पट.

आता गळती ५ टक्के धरा. एलटीव्ही एकदम २४०० होतो, कॅकच्या चौपट, आणि नियमात आरामात बसतो. पेबॅक मात्र सातव्यावरून फक्त सहाव्या महिन्यावर येतो. गळतीच्या अंदाजावर एलटीव्ही असा दुप्पट-निमपट हलतो, आणि नव्या ॲपकडे तो अंदाज बांधायला जेमतेम तीन-चार महिन्यांची माहिती असते. शिवाय गळती सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी असते. जुन्या, टिकून राहिलेल्या ग्राहकांवरून दर काढला की एलटीव्ही फुगतो. पेबॅकमध्ये मोजायचं असतं ते प्रत्यक्ष खात्यात आलेलं. गळती २० टक्के असेल, तर एलटीव्ही ६०० रुपयेच भरतो आणि कॅक पुरता कधीच वसूल होत नाही.

हे आकडे बाहेरच्या निर्णयांनीही हलले. ॲपलने २०१६मध्ये एक वर्ष टिकलेल्या ग्राहकांवरचं कमिशन ३० टक्क्यांवरून १५ टक्के केलं, पण पहिल्या वर्षातली वसुली त्याने सुधारली नाही. गूगलने जानेवारी २०२२पासून सबस्क्रिप्शनवर पहिल्या दिवसापासून १५ टक्के लावलं. आपल्या उदाहरणात ३० टक्के कमिशन असतं तर हातात ९५ रुपये उरले असते आणि १० टक्के गळतीला वसुली सातव्याऐवजी दहाव्या महिन्यात झाली असती. नफा-तोटा ठरवणारा फरक हाच.

एप्रिल २०२१मध्ये आयओएस १४.५ आलं आणि ग्राहकाची परवानगी असल्याशिवाय ॲप-ॲपमधून माग काढणं थांबलं. कोणत्या जाहिरातीने कोण आलं हे धूसर झालं. मग अनेकांनी एकूण जाहिरात खर्चाला एकूण नव्या ग्राहकांनी भागायला सुरुवात केली. यात आपणहून आलेले ग्राहकही मिसळतात, त्यामुळे कॅक खोटा स्वस्त दिसतो. बजेट दुप्पट केलं आणि नवे ग्राहक त्या प्रमाणात वाढले नाहीत, की ही चूक उघडी पडते.

भारतात त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम कडकपणे लागू झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणं आणि मँडेट, म्हणजे दर वेळी पैसे कापायला दिलेली आगाऊ परवानगी, नव्याने नोंदवणं बंधनकारक झालं. कार्डावरच्या अनेक जुन्या वर्गण्या त्या वेळी आपोआप अडल्या. ग्राहक रुसून गेलेला नसतो, फक्त पेमेंट झालेलं नसतं, तरी हिशेबात तो गळतीतच दिसतो. म्हणून भारतीय ॲपने ही गळती वेगळी मोजावी. स्वतःहून रद्द करणाऱ्यांसाठी ॲप सुधारावं लागतं. पेमेंट अडलेल्यांसाठी यूपीआय ऑटोपेचा पर्याय आणि वेळेवर पाठवलेली आठवण बरंच काम करते, आणि तिथे वाचवलेला प्रत्येक ग्राहक नव्याने ६०० रुपये न घालता मिळालेला असतो.