ताराबळ, चंद्रबळ आणि लग्नाची तारीख : पार्श्वभूमी

मंगलाष्टकांच्या शेवटी गुरुजी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव ताराबलं चंद्रबलं तदेव’ हा श्लोक म्हणतात, तेव्हा मांडवातले बहुतेक लोक अक्षता टाकण्याच्या घाईत असतात. मुहूर्त कशावरून ठरला, ते मात्र त्या ओळीतच सांगितलेले असते. ‘लग्न’ म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. विवाहाला मराठीत लग्न म्हणतात तेही यावरूनच. ताराबळ आणि चंद्रबळ या दोन गोष्टी वधूवरांच्या जन्मनक्षत्राशी आणि जन्मराशीशी बांधलेल्या असतात.

प्रारंभी मुहूर्ताचा विचार इतका व्यक्तिगत नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात सूर्याची मुलगी सूर्या हिच्या लग्नाच्या संदर्भात मघा आणि फल्गुनी ही नक्षत्रे येतात. आश्वलायन गृह्यसूत्र उत्तरायण, शुक्लपक्ष आणि कल्याणकारक नक्षत्र एवढेच मागते, आणि काहींच्या मते विवाह कोणत्याही काळी चालतो, असेही नोंदवून ठेवते. येथे नक्षत्र आहे ते दिवसाचे, म्हणजे चंद्र ज्यात आहे ते. वधूवर कोणत्या नक्षत्रावर जन्मले, याची चौकशी नाही. पुढे जन्मकुंडलीचे शास्त्र रुजले तशी ती चौकशीही मुहूर्तात शिरली. महाराष्ट्रात आज जी पद्धत चालते तिच्यामागे प्रामुख्याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दोन ग्रंथ आहेत : देवगिरीजवळच्या टापर येथील नारायण दैवज्ञांचा ‘मुहूर्तमार्तंड’ (शके 1493) आणि मूळ विदर्भातील घराण्यातल्या राम दैवज्ञांनी काशीत रचलेला ‘मुहूर्तचिंतामणी’ (शके 1522).

पंचांगात छापलेले विवाहमुहूर्त सर्वांसाठी सारखे असतात. रोहिणी, मृग, मघा, उत्तरा फाल्गुनी, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, उत्तराषाढा, उत्तरा भाद्रपदा आणि रेवती या विवाहनक्षत्रांतून तिथी, वार, योग, करण आणि गुरु-शुक्रांचा अस्त पाहून ते निवडलेले असतात. त्या यादीतून एका विशिष्ट जोडप्यासाठी दिवस वेचताना ताराबळ लागते. जन्मनक्षत्रापासून, ते धरून, दिवसनक्षत्रापर्यंत मोजायचे आणि येणाऱ्या संख्येला 9 ने भागायचे. बाकी 3, 5 किंवा 7 उरली तर अनुक्रमे विपत्, प्रत्यरी आणि वध या तारा येतात व त्या वर्ज्य मानतात.

समजा, वधूचे नक्षत्र रोहिणी आणि वराचे पुष्य आहे. स्वातीचा मुहूर्त पाहिला तर रोहिणीपासून स्वाती बारावी, बाकी 3, म्हणजे वधूला विपत् तारा. उत्तराषाढा वधूला चालते, कारण ती अठरावी येते आणि बाकी शून्य, म्हणजे नववी परममित्र तारा. परंतु पुष्यापासून ती चौदावी, बाकी 5, म्हणून वराकडून अडते. रेवती मात्र वधूला चोविसावी (बाकी 6) आणि वराला विसावी (बाकी 2) येते, आणि दोन्ही तारा शुभ ठरतात. आता चंद्रबळ. जन्मराशीपासून चंद्र चौथा, आठवा किंवा बारावा नसावा. रेवतीत चंद्र मीनेत असतो. वृषभेच्या वधूला तो अकरावा आणि कर्केच्या वराला नववा. येथे दोघांचे जमले. अनेकांचे असे सहज जमत नाही, म्हणून एका बाजूची तारा शांती करून किंवा दान देऊन सोडवून घेतली जाते.

यातली मेख अशी की नक्षत्र मुहूर्ताच्या घटकेला चालू असले पाहिजे, आणि ते केव्हा संपते याबाबत पंचांगांतच एकमत नव्हते. चित्रापक्षीय आणि टिळक पंचांगांच्या अयनांशांत, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा त्या मोजमापात, सुमारे चार अंशांचा फरक असल्यामुळे नक्षत्राच्या वेळेत सुमारे सात तासांचे अंतर पडते. साहजिकच एका पंचांगातला रेवतीचा मुहूर्त दुसऱ्यात अश्विनीत जाऊ शकतो, आणि दोन्हीकडचे गुरुजी वेगवेगळी पंचांगे घेऊन बसले की बैठक तिथेच अडते. मुहूर्त एकाच पंचांगावरून धरावा, हे मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते.

वधूच्या गुरुबळाचा दंडक आज सैल झाला आहे. मुलींची लग्ने बालवयात होत, तेव्हा वधूच्या जन्मराशीपासून गुरु चौथा, आठवा किंवा बारावा असेल तर लग्न पुढे ढकलत. मुलगी मोठी असल्यास गुरूची शुद्धी पाहू नये, ही सवलत मात्र धर्मशास्त्राच्या ग्रंथांतच आहे. 1929 च्या सारडा कायद्यानंतर विवाहाचे वय वाढत गेले आणि ती सवलतच रूढ झाली.

आता बहुधा मंगल कार्यालयाची तारीख आधी ठरते आणि गुरुजींकडे ‘काढीव मुहूर्ता’ची मागणी जाते. तारीख ठरली की दिवसाचे नक्षत्र ठरते आणि त्याबरोबर दोघांच्या ताराही. गुरुजींच्या हाती उरते ते फक्त लग्नरास बदलत सोयीची मिनिटे शोधणे.