मुलाखतीत कान अडखळतो तेव्हा गुण कोणाचे जातात?

उमेदवाराने तोंड उघडले की त्याची पात्रता कळते, असे मुलाखत घेणारी अनुभवी माणसेही ठामपणे सांगतात. मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या बेळगावात तर ही समजूत फार महागात पडते, कारण येथे तोंड उघडताच प्रथम कळतो तो माणसाचा तालुका.

शिकागो विद्यापीठातील शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ केसार यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. उंटापेक्षा जिराफ पाण्यावाचून जास्त काळ राहू शकतो, अशा धर्तीची विधाने त्यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींकडून वाचून घेतली व ती कितपत खरी वाटतात हे श्रोत्यांना विचारले. बोलणारा केवळ दिलेला मजकूर वाचत आहे, हे श्रोत्यांना आधीच सांगितले होते. तरीही परक्या उच्चारात ऐकलेली विधाने त्यांना कमी खरी वाटली. येथे वक्त्याच्या ज्ञानाचा प्रश्नच नव्हता. अनोळखी उच्चार उलगडताना मेंदूला थोडे अधिक श्रम पडतात, आणि त्या श्रमाचे कारण आवाजात न शोधता आपण ते नकळत मजकुरात शोधतो. ऐकायला जड गेले, म्हणजे सांगणाऱ्यालाच नीट माहीत नसावे, असा हा चुकीचा हिशेब असतो. दुसऱ्या प्रयोगात श्रोत्यांना या परिणामाची कल्पना दिली, तेव्हा सौम्य उच्चारभेदाच्या बाबतीत त्यांनी स्वतःला सावरले. उच्चार ठळकपणे वेगळा असताना मात्र त्यांना ते साधले नाही. ‘आम्ही असा भेदभाव करत नाही’ हा पॅनेलचा निश्चय प्रामाणिक असूनही अपुरा पडतो, तो यामुळेच.

दिलासा देणारी गोष्ट अशी की कान लवकर शिकतो. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांच्या 2004 सालच्या प्रयोगांत परक्या उच्चाराचे बोलणे उलगडण्याचा सुरुवातीचा मंदपणा साधारण मिनिटभराच्या ऐकण्यातच बराच कमी झालेला दिसला. मुलाखतीतील अडचण नेमकी येथे आहे, कारण पॅनेलचे मत बहुधा याच पहिल्या मिनिटात बनू लागते.

समजा, उद्यमबागेतील एका फाउंड्रीत दर्जा तपासनिसाची जागा आहे. पॅनेल मराठी भाषकांचे, उमेदवार बैलहोंगलचा, घरी कन्नड बोलणारा, मुलाखत मराठीत. मराठीत ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळे, कन्नडमध्ये हा भेद नसल्याने त्याचे दोन्ही च सारखेच येतात. (हीच गंमत उलटही होते: कन्नडमधले ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ मराठी माणसाच्या तोंडी एकच होऊन बसतात.) पहिली दोन-तीन मिनिटे त्याला आधीच्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलू द्यावे आणि त्यासाठी गुण ठेवू नयेत, तो वेळ पॅनेलच्या कानांसाठी आहे. मग सर्वांना विचारायचा ठरलेला प्रश्न: कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ छिद्रे, दिसू लागली, तर आधी काय तपासाल? गुणांची पायरी मुलाखतीपूर्वीच लिहिलेली हवी. वायू अडकल्याचे सांगितले तर एक गुण, साच्याच्या वाळूतील ओलावा मोजण्याचे सांगितले तर दोन, आणि वाळूतून वायू बाहेर पडण्याची क्षमता तपासून आधीच्या पाळीच्या मालाशी तुलना करण्यापर्यंत तो पोहोचला तर तीन. उमेदवार अडखळत, मध्ये थांबत ‘वाळूचा ओलापणा बघायचं, मोजून’ एवढेच म्हणाला, तरी गुण दोनच. वाक्य घसरले म्हणून एक नव्हे आणि दुसरा कोणी तेच सफाईदारपणे बोलला म्हणून तीन नव्हेत. शब्द कळला नाही, तर ‘मला नीट ऐकू आले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणावे, आणि टिपणात ‘कळले नाही’ व ‘त्याला माहीत नाही’ या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. गुण प्रत्येकाने चर्चेपूर्वीच लिहून टाकावेत.

कान गुण कापत आहेत का, हे तपासताही येते. उत्तरांची टिपणे खोलीत नसलेल्या जाणकाराला देऊन त्याच पायऱ्यांनी पुन्हा गुण घालायला सांगावे. फरक थोडाफार पडेलच; पण एकाच भाषेच्या उमेदवारांचे गुण कागदावर दरवेळी वाढत असतील, तर पॅनेल उत्तरांऐवजी उच्चार मोजत होते. टिपणे मात्र उमेदवाराच्या शब्दांत हवीत; ‘आत्मविश्वास कमी’ अशा शेऱ्यांवरून कोणालाच काही तपासता येणार नाही.

येथे प्रशिक्षण शिबिरांतील एका लाडक्या आकड्याचा समाचार घेणे भाग आहे. संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, बाकी सारे आवाज आणि देहबोली, असे तेथे सांगितले जाते. अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 सालचे ते प्रयोग आवड-नावड कशी ओळखली जाते यापुरते होते, आणि त्यांत सुटे शब्द ऐकवले होते. ब्लोहोलच्या उत्तराला तो आकडा लावणे हे फलज्योतिषच.

अर्थात काही कामांत बोलणे हेच काम असते. तेथेही उच्चार वेगळा असणे आणि बोलणे न कळणे या भिन्न गोष्टी आहेत. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी 1995 साली श्रोत्यांना ऐकलेली वाक्ये लिहायला लावली, तेव्हा ठळक परक्या उच्चाराची पुष्कळ वाक्ये त्यांनी बिनचूक लिहिली. म्हणून पाळीवरच्या कामगारांना सूचना देणारा माणूस हवा असेल, तर त्याचे मराठी कसे वाटले हे पॅनेलने एकमेकांना विचारू नये. त्याला चार सूचना द्यायला सांगावे, त्या शॉपवरच्या कामगाराला ऐकवाव्यात आणि त्यांतल्या किती बरोबर पाळल्या गेल्या ते मोजावे. यंत्रांच्या आवाजात उच्चाराशी जुळवून घेणे अधिक अवघड जात असल्याने ही चाचणी शॉपवरच घ्यावी, बंद केबिनमध्ये नव्हे.