ऋतुचक्र आणि पृथ्वीच्या आसाचा कल

पृथ्वीवर ऋतू होतात ते तिचा आस कललेला असल्यामुळे. सूर्यापासूनचे तिचे अंतर वर्षभरात बदलते हे खरे, पण त्या बदलाचा ऋतूंशी संबंध फार थोडा आहे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किमी (उपसूर्य स्थिती) आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १५.२१ कोटी किमी (अपसूर्य स्थिती) अंतरावर असते. अंतर हेच कारण असते, तर जानेवारीत साऱ्या पृथ्वीवर उन्हाळा असता. प्रत्यक्षात त्याच महिन्यात निफाडच्या द्राक्षबागांत थंडीपासून घड वाचवण्यासाठी शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि सिडनीत भर उन्हाळा असतो.

कक्षेच्या प्रतलाला लंब असलेल्या रेषेशी पृथ्वीचा आस सुमारे २३.४° कोन करतो आणि त्याची दिशा वर्षभर जवळजवळ तीच, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे राहते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तर डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. झुकलेला गोलार्ध सूर्याच्या ‘जवळ’ जातो म्हणून तापतो, असे पुष्कळदा सांगितले जाते, तेही चूकच. पृथ्वीचा अवघा व्यास १२,७४२ किमी असल्याने पंधरा कोटी किलोमीटरांपुढे हा फरक नगण्य ठरतो. खरा फरक पडतो तो किरणांच्या कोनामुळे आणि दिवसाच्या लांबीमुळे.

पुण्याचे उदाहरण घेऊ. तेथे २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५° उंच असतो, तर २२ डिसेंबरला केवळ ४८°. तिरपे किरण अधिक जागेवर पसरतात. म्हणून वातावरणाचा परिणाम वगळला, तरी डिसेंबरच्या मध्यान्ही प्रत्येक चौरस मीटर जमिनीला जूनच्या तुलनेत सुमारे पाव भाग ऊर्जा कमी मिळते. सूर्य जवळ असल्याचा लाभ सुमारे ७ टक्क्यांचा. तो जमेस धरूनही तूट वीस टक्क्यांच्या आसपास उरते. त्यात दिवसही दोन तासांहून अधिक लहान असतो. मात्र मिळणारी ऊर्जा आणि तापमान यांचा मेळ नेहमीच बसत नाही. पुण्यात सूर्य मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैअखेरीस डोक्यावर येतो, तरी जुलैत पावसाळी ढगांमुळे तितका उकाडा होत नाही.

अंतराचा परिणाम अगदीच शून्य नाही. अपसूर्य स्थितीजवळ पृथ्वीची गती मंदावते, म्हणून उत्तर गोलार्धातील खगोलीय उन्हाळा तेथील हिवाळ्यापेक्षा साडेचार दिवसांहून थोडा अधिक लांबतो. मंगळावर हा परिणाम ठळक दिसतो. त्याच्या आसाचा कल पृथ्वीसारखाच, सुमारे २५° आहे, पण कक्षा बरीच अधिक लंबवर्तुळाकार असल्याने उपसूर्य स्थितीत त्याला अपसूर्य स्थितीपेक्षा ४० टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश मिळतो. परिणामी त्याच्या दक्षिण गोलार्धातील उन्हाळा उत्तरेकडील उन्हाळ्यापेक्षा आखूड आणि कडक असतो.