३६ मिलिमीटर आले कुठून? आभासी कॅमेऱ्याच्या आकड्यांमागची गोष्ट

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नवा कॅमेरा टाकला की दोन आकडे आयते भरलेले असतात: Focal Length ५० मिमी आणि Sensor Width ३६ मिमी. गंमत अशी की या कॅमेऱ्याला ना भिंग आहे, ना सेन्सर. चित्रात काय दिसेल आणि काय कापले जाईल हे ठरवायला संगणकाला फक्त दृश्याचा एक कोन, म्हणजे FOV, पुरतो. मिलिमीटर आहेत ते छायाचित्रकारांच्या सवयीसाठी, आणि त्यांचा कोनाशी संबंध एवढाच:

```
FOV = 2 * atan( sensor / (2 * focal) )
```

५० आणि ३६ घातले की ३९.६ अंश येतात. १०० आणि ७२ घातले तरी तेवढेच येतात, कारण कोन ठरतो तो दोन आकड्यांच्या गुणोत्तरावर. त्यामुळे नुसते "१८ मिमीची लेन्स होती" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कशावर १८, हे विचारावेच लागते. आणि या "कशावर"चे ठरलेले उत्तर ३६ का, त्याची मुळे सिनेमाच्या फिल्ममध्ये आहेत.

सिनेमाची फिल्म ३५ मिमी रुंद असे. दोन्ही कडांची भोके सोडली की मध्ये साधारण २४ मिमी जागा उरे. फिल्म उभी सरके, म्हणून एक चौकट २४ मिमी रुंद आणि १८ मिमी उंच. जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकने १९१३-१४ च्या सुमारास लहान कॅमेऱ्याचा नमुना बनवला, तेव्हा तीच फिल्म आडवी सरकवली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. दोनदा १८ म्हणजे ३६. पुढे १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला आणि ३६ × २४ ही चौकट हळूहळू जगभर रुजली. फिल्म एकच असली की लेन्सवरचा आकडा हाच कोनाचा पर्याय होतो. "पन्नासची लेन्स" म्हटले की किती दिसणार हे सगळ्यांना ठाऊक, कारण भागाकारातला दुसरा आकडा कधी बदलतच नव्हता.

तो बदलला डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर. ३६ × २४ एवढा मोठा सेन्सर फार महाग पडे: सिलिकॉनच्या एका चकतीत असे तुकडे थोडेच बसत आणि एका दोषामुळे अख्खा तुकडा वाया जाई. १९९९ च्या निकॉन डी१ चा सेन्सर म्हणूनच जेमतेम २४ मिमी रुंद होता. लोकांच्या बॅगेतल्या लेन्स मात्र जुन्याच. तिथून लेन्सवरच्या आकड्याला गुणायचे १.५ आणि १.६ हे "क्रॉप फॅक्टर" बोलण्यात आले. हा गुणाकार म्हणजे जुन्या सवयीत केलेले भाषांतर. लेन्सची फोकल लेंथ त्याने तसूभरही बदलत नाही.

थ्रीडी सॉफ्टवेअरने हा वारसा आपापल्या पद्धतीने उचलला. मायामध्ये फिल्मची मापे आजही इंचांत भेटतात: १.४१७ × ०.९४५, म्हणजे आपले तेच ३६ × २४. जुन्या ब्लेंडरच्या सूत्रात ३२ मिमी रुंदी गृहीत होती आणि ती बदलायची सोयच नव्हती. २०११ च्या अखेरीस २.६१ आवृत्तीत कॅमेरा ट्रॅकिंग आले. खऱ्या फुटेजवर आभासी वस्तू बसवायची तर खरा सेन्सर सांगणे भाग होते. तरी आयता आकडा ३२ च राहिला. २०१९ च्या २.८० पासून नव्या कॅमेऱ्याला ३६ मिळतात. जुन्या शिकवणीतला "३५ मिमी" आजच्या फायलीत टाइप केला की चित्र ४९ ऐवजी ५४ अंशांचे होते, आणि शिकणारा स्वतःलाच दोष देत बसतो.

आता एक हिशेब नीट करू. समजा, वाड्याच्या दरवाजाचा फोटो कॅननच्या एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १८ मिमीला काढलाय आणि त्यात आभासी पालखी ठेवायची आहे. सेन्सर २२.३ × १४.९ मिमी. Sensor Width मध्ये २२.३ आणि Focal Length मध्ये १८ घातले की ६३.६ अंश येतात. सेन्सर ३६ वरच राहिला तर येतात ९० अंश, आणि दरवाजाच्या रेषांशी पालखीच्या रेषा कुठेच जुळत नाहीत. बरेच जण इथे १८ ला १.६ ने गुणून, ३६ तसेच ठेवून, २८.८ घालतात. ६४ अंश येतात, म्हणजे चौकट जवळपास बरोबर. पण धूसरपणा चुकतो. एफ/४ ला, म्हणजे फोकल लेंथला ४ ने भागले की, १८ मिमीच्या लेन्सचे छिद्र ४.५ मिमी असते, २८.८ च्या लेन्सचे ७.२. संगणक मागची भिंत फोटोपेक्षा जास्त धूसर करतो, आणि ते सावरायला एफ/६.४ घालावे लागते. म्हणून माझे मत सरळ आहे: खरे आकडेच घाला, गुणाकार करूच नका.

फोनच्या बाबतीत मात्र "२६ मिमी समतुल्य" एवढेच हाती लागते. ही तुलना सहसा कर्णावरून केलेली असते, आणि फोनचा फोटो ४:३ तर लायकाची चौकट ३:२. कर्ण तोच ठेवला तर ४:३ चौकटीची रुंदी ३४.६ मिमी भरते. म्हणून २६ सोबत ३६ न घालता ३४.६ घालावे: ६९.४ ऐवजी ६७.३ अंश. फरक दोनच अंशांचा, पण चौकटीच्या कडेला ठेवलेली वस्तू त्यानेही सरकते.

कोन कोणत्या बाजूचा, हा आणखी एक गोंधळ. गेम बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी युनिटी उभा कोन सांगते, अनरिअल आडवा. १६:९ चित्रात ६० उभे अंश म्हणजे आडवे किती? ६० ला १.७८ ने गुणून १०७ काढणे ही नेहमीची चूक. गुणायचे ते अर्ध्या कोनाच्या टॅन्जंटला, आणि उत्तर ९१.५ येते. ब्लेंडरमध्ये Sensor Fit हे Auto असेल तर Sensor मधले माप चित्राच्या लांब बाजूला लागू होते. त्यामुळे कॅमेरा उभा धरून काढलेल्या फोटोलाही २२.३ च चालतात. Horizontal करून ठेवले असेल तर तेच २२.३ आखूड बाजूला लागतात आणि सगळे आक्रसते.

हे सगळे बरोबर बसले की नाही, ते टेपने तपासता येते. भिंतीसमोर ३ मीटरवर कॅमेरा सरळ ठेवा. १८ मिमी आणि २२.३ मिमीला चौकटीत भिंतीची ३ × २२.३ ÷ १८, म्हणजे सुमारे ३.७ मीटर रुंदी दिसायला हवी. फोटोत ३.६ भरली तर घाबरू नका. लेन्सवरचा आकडा गोळाबेरीज केलेला असतो, जवळ फोकस केल्यावर बऱ्याच लेन्सचा कोन थोडा बदलतो, आणि अंतर मोजायचे ते लेन्सच्या आतल्या छिद्रापासून, सेन्सरपासून नव्हे. पण ३.२ भरली तर कॅमेऱ्याने कडा कापल्या आहेत. व्हिडिओत थरथर कमी करणारी सोय चालू असेल तर बहुधा हेच होते. तेव्हा फोकल लेंथला हात न लावता Sensor Width त्याच प्रमाणात कमी करा, म्हणजे सुमारे १९.२.