एंटरप्राइज व्हॅल्यूपासून शेअरच्या भावापर्यंत : मूल्यांकनाची कागदपत्रे पाठवण्यापूर्वी वाचावे

अहवाल हाती पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कंपनी 40 कोटींची काढलीत, शेअर 10 लाख आहेत, मग भाव 400 का नाही?"

40 कोटी ही एंटरप्राइज व्हॅल्यू आहे, म्हणजे धंद्यातून पुढच्या वर्षांत येणाऱ्या रोकडीचे आजचे मूल्य. ती काढताना आम्ही व्याजापूर्वीच्या नफ्यावर कर धरतो, घसारा परत मिळवतो आणि यंत्रसामग्री व खेळत्या भांडवलात अडकणारा पैसा वजा करतो. व्याज मात्र वजा करत नाही. म्हणजे या रकमेवर बँकेचाही हक्क आहे आणि भागधारकांचाही. आधी कर्ज जाते, उरते ते भागधारकांचे.

आता जिथे खरा वेळ जातो ते सांगतो. कर्जाची यादी मागितली की फक्त टर्म लोन कळवले जाते. "सीसी हे काय कर्ज आहे? ते तर वर्किंग कॅपिटल." ताळेबंदात कॅश क्रेडिट चालू देण्यांत दिसते, त्यामुळे हा समज होतो. पण त्यावर व्याज चालू असते, म्हणून आमच्या हिशेबात ते कर्जच. चालू देण्यांत राहू दिले तर चूक दुहेरी होते. पुढच्या वर्षांत सीसी वाढली की ती धंद्यातून आलेली रोकड भासते आणि एंटरप्राइज व्हॅल्यू फुगते. शिवाय शेवटी वजा करायची तीही राहून जाते. संचालकांनी घातलेली बिनतारणी रक्कमही अशीच निसटते. घरचा पैसा असला तरी परत करायचा आहे ना?

एक नमुना हिशेब पाहा. 40 कोटींतून टर्म लोन 6, सीसी 4 आणि संचालकांचे कर्ज 2 कोटी वजा केले की 28 कोटी उरतात. एफडी 3 कोटींच्या आहेत. त्यांचे व्याज कॅश फ्लोत धरलेले नसते, म्हणून एफडी वेगळ्या मिळवतो. त्यांतली 1 कोटीची बँक गॅरंटीसाठी मार्जिन म्हणून अडकली आहे, ती मोकळी नाही. 2 कोटी मिळवून इक्विटी व्हॅल्यू 30 कोटी, म्हणजे शेअरला 300 रुपये.

गुंतवणूकदाराकडे सक्तीने रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर असतील आणि त्यांचे 2 लाख इक्विटी शेअर होणार असतील, तर भागाकार 12 लाखांनी करावा लागतो. भाव 250 होतो. ते शेअर संख्येत धरले म्हणून त्यांची रक्कम कर्जात पुन्हा वजा होत नाही.

31 मार्चपुरती सीसी खाली आणलेली असली तर आम्ही वर्षभराचे बँक स्टेटमेंट मागतो. काहींना ही चौकशी जाचक वाटते. पण नव्या गुंतवणूकदाराचा सीए हेच विचारतो, आणि तेव्हा ठरलेला भाव खाली येणे जास्त महाग पडते.

म्हणून पहिल्या भेटीला सर्व कर्जांची मंजुरीपत्रे, एफडीच्या पावत्या आणि भागधारकांची पूर्ण यादी आणावी. कर्ज आणि रोकड यांचा तक्ता आम्ही आधी बनवून आपल्याकडून तपासून घेतो. ते काम ठरलेल्या शुल्कातच येते. अहवालावर सही झाल्यावर नवे कर्ज निघाले, तर मात्र फेरकामाचे शुल्क वेगळे.