विक्रीकराचा भार आणि लवचिकता

एखाद्या वस्तूच्या विक्रीवर कर बसला की त्याची झळ खरेदीदाराला किती बसते आणि विक्रेत्याला किती, हा सार्वजनिक आयव्ययाच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. कर सरकारजमा करण्याची जबाबदारी कायद्याने ज्याच्यावर टाकली आहे, त्याच्यावर ‘कराघात’ होतो. ज्याच्या खिशातून शेवटी पैसे जातात, त्याच्यावर ‘करापात’ होतो. कराघात कायद्याच्या कलमात वाचता येतो. करापात मात्र बाजारात ठरतो. किंमत बदलल्यावर मागे हटणे ज्या बाजूला अधिक अवघड, त्या बाजूच्या वाट्याला भाराचा मोठा हिस्सा येतो. फ्लीमिंग जेनकिन या अभियंत्याने १८७१-७२ मध्ये ही विभागणी मागणी व पुरवठ्याच्या वक्रांवर आकृतीने मांडली.

किंमत कशी सरकते

एका वस्तूच्या बाजारात पुष्कळ खरेदीदार आणि पुष्कळ विक्रेते आहेत असे धरू. किंमत ६० असताना १८० नग खपतात आणि तेवढेच विकायला येतात. किंमत १ ने वाढली की खरेदीदार २ नग कमी घेतात आणि विक्रेते ३ नग जास्त आणतात. आता प्रत्येक नगावर १० इतका कर लागला आणि तो भरण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर टाकली.

विक्रेते सगळा कर किमतीत घालून ७० मागू लागले, तर त्यांच्या हाती पूर्वीसारखेच ६० उरतात, म्हणून ते १८० नगच आणतात. पण ७० ला खरेदीदार १६० नगच उचलतात. २० नग पडून राहतात आणि ते खपवण्यासाठी किंमत उतरवावी लागते. उलट, विक्रेत्यांनी किंमत ६० च ठेवून कर स्वतः सोसला, तर त्यांच्या हाती ५० उरतात. तेवढ्यासाठी ते १५० नगच आणतात, गिऱ्हाईक मात्र १८० नगांचे असते. माल कमी पडतो आणि किंमत चढते. या दोन टोकांच्या मध्ये एकच किंमत अशी आहे की आलेला माल आणि मागितलेला माल जुळतो. ती म्हणजे ६६. खरेदीदार ६६ देतात, विक्रेत्यांच्या हाती ५६ उरतात आणि दोन्ही बाजूंचा आकडा १६८ नगांवर येतो.

म्हणजे १० च्या करापैकी ६ खरेदीदारांवर पडले आणि ४ विक्रेत्यांवर. ही विभागणी कोणी वाटाघाटीने ठरवलेली नाही. पडून राहिलेला माल आणि कमी पडलेला माल यांच्या दाबाने किंमत तिथे येऊन थांबली. सरकारला १६८ नगांवर १,६८० मिळाले. जे १२ नग आता विकलेच जात नाहीत, त्यांच्यामुळे खरेदीदारांचे ३६ आणि विक्रेत्यांचे २४ इतके आणखी नुकसान झाले. हे नुकसान कोणाच्याच तिजोरीत जात नाही आणि पावतीवरही दिसत नाही. पण त्याची विभागणीही ६ ला ४ याच प्रमाणात होते.

हाच कर कायद्याने खरेदीदारांनी भरायचा ठरवला असता, तर दुकानातली किंमत ५६ वर आली असती आणि खरेदीदारांनी वरून १० भरले असते. एकूण पुन्हा ६६. पावतीवर कर वेगळा दाखवला की तो सगळा ग्राहकाने भरला असे वाटते, पण पावती फक्त कराघाताचा मार्ग दाखवते. विक्रेत्याचे ४ या दुसऱ्या मांडणीत ६० वरून ५६ वर उतरलेल्या मूळ किमतीत दडलेले असतात.

सूत्र आणि त्याचा नेमका अर्थ

लवचिकता म्हणजे किंमत एक टक्का बदलल्यावर मागणी किंवा पुरवठा किती टक्के बदलतो, ते प्रमाण. मागणीची लवचिकता ऋण असते, इथे तिचे चिन्ह सोडून आकडा घेतला आहे. वरच्या बाजारात करापूर्वी मागणीची लवचिकता ०.६७ आणि पुरवठ्याची १ आहे. खरेदीदारांचा वाटा असा निघतो:

खरेदीदारांचा वाटा = पुरवठ्याची लवचिकता ÷ (पुरवठ्याची लवचिकता + मागणीची लवचिकता)

१ ला १.६७ ने भागले की ०.६ येते, म्हणजे १० पैकी ६. उरलेला वाटा विक्रेत्यांचा. सूत्रात खरेदीदारांच्या वाट्याच्या वरच्या जागी पुरवठ्याची लवचिकता आहे, याकडे नीट पाहावे. विक्रेत्यांना बाजारातून सहज मागे हटता येत असेल, तर खरेदीदारांचा भार वाढतो.

सर्वांत जास्त चूक इथेच होते. ‘वस्तू गरजेची आहे, लोक ती घेणारच, म्हणून सगळा कर ग्राहकावर’ असा युक्तिवाद वारंवार केला जातो. त्यात अर्धीच बाजू पाहिलेली असते. मागणी ताठर आहे, तिची लवचिकता अवघी ०.३ आहे असे मानू. पण पुरवठा त्याहूनही ताठर, ०.१ असेल, तर खरेदीदारांचा वाटा ०.१ भागिले ०.४, म्हणजे चौथा हिस्सा होतो. तीन चतुर्थांश कर विक्रेते सोसतात. एकट्या मागणीची लवचिकता कितीही अचूक मोजली, तरी तिच्यावरून करापात सांगता येत नाही.

सूत्र काटेकोरपणे लहान करासाठीच खरे आहे. वरच्या उदाहरणात मागणी आणि पुरवठा सरळ रेषेत असल्याने ते तंतोतंत जुळले. वक्र रेषा आणि मोठा कर असेल, तर लवचिकता वाटेतच बदलते आणि उत्तर ढोबळ उरते.

वेळेनुसार बदलणारा वाटा

पुरवठ्याची लवचिकता स्थिर नसते, म्हणून एकाच कराचा करापात पहिल्या आठवड्यात एक आणि काही वर्षांनी दुसरा असतो. कर लागला त्या दिवशी माल तयार होऊन बाजारात आलेला आहे आणि तो टिकणारा नाही असे समजू. पुरवठा १८० नगांवर अडकलेला असतो, किंमत ६० च्या वर जाऊ शकत नाही आणि पूर्ण १० विक्रेत्यांच्या अंगावर येतात. काही महिन्यांत उत्पादन कमी-जास्त करता आले की वर काढलेली ६ आणि ४ ची स्थिती येते. आणखी काळ गेला की झिजलेली यंत्रे पुन्हा घेतली जात नाहीत, भांडवल दुसऱ्या धंद्यात जाते, काही उत्पादक बाहेर पडतात. तेव्हा किमतीतील १ च्या फरकाला पुरवठा १८ नगांनी हलतो असे धरले, तर पुरवठ्याची लवचिकता ६ होते. किंमत ६९ वर थांबते, विक्रेत्यांच्या हाती ५९ राहतात आणि खरेदीदारांचा वाटा ९ होतो.

म्हणून कर लागल्यावर काही दिवसांनी किंमत फारशी वाढली नाही, एवढ्यावरून ‘व्यापाऱ्यांनीच कर सोसला’ असा कायमचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. अर्थात काळाबरोबर खरेदीदारांनाही पर्याय सापडतात आणि मागणी लवचिक होते. शेवटी कोणती बाजू अधिक वेगाने मोकळी होते, यावर वाटा ठरतो.

कोणत्या बाजाराची लवचिकता

सूत्रात घालायची लवचिकता ज्या क्षेत्रावर कर बसतो त्या सगळ्या क्षेत्राची हवी. कर सर्व विक्रेत्यांवर असेल, तर संपूर्ण बाजाराची मागणी पाहावी, कारण सगळीकडे किंमत चढल्यावर ग्राहकाला पळवाट उरत नाही. तोच कर एका शहरापुरता किंवा एका ब्रँडपुरता असेल, तर ग्राहक पलीकडच्या शहरात किंवा दुसऱ्या ब्रँडकडे वळतो. त्या शहरातल्या किंवा ब्रँडच्या मागणीची लवचिकता खूप मोठी असते आणि भार विक्रेत्यांकडे सरकतो.

‘विक्रेता’ हाही शेवटचा माणूस नसतो. त्याच्यावर पडलेले ४ पुढे मजूर, कच्चा माल पुरवणारा आणि जागेचा मालक यांच्यात वाटले जातात आणि तिथेही हाच नियम लागतो. भांडवल सहज दुसरीकडे जाऊ शकते, जमीन जाऊ शकत नाही. त्यामुळे दीर्घकाळात भाराचा बराच भाग दुसरीकडे उपयोगी न पडणारी जमीन किंवा कसब असलेल्यांवर साचतो.

नियम कुठे ढळतो

वरचे सगळे गणित स्पर्धेच्या बाजाराचे आहे. एकच विक्रेता असेल, मागणीची रेषा सरळ असेल आणि प्रत्येक नगाचा खर्च सारखा असेल, तर तो निम्माच कर किमतीत घालतो. त्याच खर्चावर स्पर्धा असती, तर पूर्ण कर किमतीत उतरला असता. आश्चर्य वाटेल, पण मक्तेदारासमोरच्या मागणीची लवचिकता प्रत्येक किमतीला ३ इतकीच राहत असेल, तर १० च्या करामुळे किंमत १५ ने वाढते. कारण असा विक्रेता नेहमी आपल्या वाढीव खर्चाच्या दीडपट किंमत लावतो आणि कर हा त्याच्या दृष्टीने वाढीव खर्चच असतो.

किंमत कायद्याने बांधलेली असेल, तर कर कोणाच्या नावावर आहे याला एकदम महत्त्व येते. आपल्या उदाहरणात दुकानातली किंमत ६० च्या वर जाऊ द्यायची नाही असा नियम असता आणि कर विक्रेत्यांच्या नावावर असता, तर त्यांनी १५० नगच आणले असते. उरलेल्या ३० नगांची टंचाई रांगेत किंवा काळ्या बाजारात दिसली असती. तोच कर खरेदीदारांच्या नावावर असता, तर दुकानातली किंमत ५६ वर आली असती आणि हा नियम आडवा आला नसता.

प्रत्यक्षात करापात मोजताना करासह किमतीतला बदल भागिले कर हे गुणोत्तर काढतात. मात्र नुसती आधीची आणि नंतरची किंमत घेऊन चालत नाही, कारण त्याच काळात मजुरी किंवा कच्चा मालही महागलेला असू शकतो. म्हणून कर न बदललेल्या मिळत्याजुळत्या वस्तूच्या किमतीशी तुलना करतात. फिनलंडमध्ये केस कापण्यावरचा मूल्यवर्धित कर जानेवारी २००७ मध्ये २२ वरून ८ टक्के केला आणि जानेवारी २०१२ मध्ये ९ वरून २३ टक्के केला. दोन्ही वेळी बदल १४ टक्क्यांचाच होता. कपात झाली तेव्हा तिचा जेवढा भाग किमतीत उतरला, त्याच्या सुमारे दुप्पट भाग वाढीच्या वेळी उतरला. सूत्राप्रमाणे दोन्ही दिशांना वाटा सारखाच यायला हवा होता. त्यामुळे करवाढीवरून काढलेले गुणोत्तर करकपातीचा अंदाज बांधताना जसेच्या तसे वापरता येत नाही.